टीमचं ध्येयवाक्य लिहायचंय? आधी वादांची वही घाला

कुठल्याही ऑफिसात जा, साहेबांच्या केबिनबाहेर फ्रेममध्ये एक वाक्य लटकलेलं असतं: 'गुणवत्ता, तत्परता आणि ग्राहकसमाधान यांच्या बळावर क्षेत्रातील अग्रगण्य संस्था बनणे.' त्या फ्रेमखाली रोज आठ तास बसणाऱ्या माणसाला पाठमोरं उभं करून ते वाक्य म्हणायला सांगा. 'गुणवत्ता... आणि ते हे... ग्राहक...' इथंच गाडी अडते. मग साहेब चिडतात आणि वाक्य डेस्कटॉपवर, आयकार्डच्या मागे, चहाच्या मगवर छापून घेतात. त्याने काही फरक पडत नाही. वर्षभरात त्या वाक्याची कुणाला एकदाही गरज पडलेली नसते आणि गरज न पडणारा फोन नंबर कुणी पाठ करत नाही.

वाक्य लक्षात राहतं ते वापरल्यामुळे. आणि वापरलं जातं कधी? दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात, साहेब फोन उचलत नाहीत आणि समोरचा माणूस 'मग काय करायचं सांगा' म्हणून उभा असतो, तेव्हा. त्या क्षणी जे वाक्य निकाल देतं ते पाठ करावं लागत नाही. म्हणून ध्येयवाक्य लिहायची सुरुवात स्वप्नांपासून न करता टीममधल्या रोजच्या वादांपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. पद्धत जरा उलटी वाटेल, पण ती एका उदाहरणावर शेवटपर्यंत करून पाहू.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातली एक पॅथॉलॉजी लॅब घेऊ. एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम, त्याच मालक. चार टेक्निशियन, घरी जाऊन रक्त घेणारी दोन मुलं, काउंटरवर दोघी, बिलिंगला एक. दहा जणांची टीम. कामं ठरलेली, माणसं प्रामाणिक, तरीही दिवसातून दोन-तीनदा 'आता काय करायचं' हा प्रश्न येतोच. तुमची टीम सॉफ्टवेअरची असो, गोडाऊनची असो की शाळेच्या ऑफिसची, पायऱ्या याच राहतील, फक्त वाद वेगळे निघतील.

दोन आठवडे वही घाला

काउंटरवर एक साधी दोनशे पानी वही ठेवा. नियम एकच: काय करावं यावर कुणी अडलं, किंवा दोघांचं जुंपलं, की चार ओळी लिहायच्या. काय झालं, कोणते दोन मार्ग होते, शेवटी काय केलं, कुणी ठरवलं. नाव लिहिणं ऐच्छिक. ही तक्रारवही नाही हे पहिल्या पानावर ठळक लिहा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी 'अमका उशिरा येतो' सुरू होतं. पहिले दोन दिवस वही कोरी राहते. तेव्हा टीमप्रमुखाने स्वतःच्या दोन नोंदी लिहाव्यात, त्याही आपण अडलो अशा. मग बाकीच्यांचा हात सुटतो. दोन आठवड्यांत वीस-पंचवीस नोंदी झाल्या की पुरे.

आमच्या या लॅबच्या वहीतल्या चार नोंदी अशा असतील:

पहिली. घरून आणलेलं रक्त हिमोलाइज झालं, म्हणजे वाटेत किंवा सुई टोचताना लाल पेशी फुटल्या. वरचं सीरम पिवळसर हवं ते गुलाबी दिसतंय. पोटॅशियम ५.९ आलं. पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. पेशंट अठरा किलोमीटरवर. पुन्हा रक्त आणायचं की रिपोर्टवर 'सॅम्पल हिमोलाइज्ड' असा शेरा मारून पाठवायचं? शेरा मारून पाठवलं. डॉक्टरांनी दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करायला सांगितलं.

दुसरी. डेंग्यूचा संशय. मशिनवर प्लेटलेट ४२ हजार. याच पेशंटच्या काल १ लाख १० हजार होत्या. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये प्लेटलेट कधीकधी एकमेकींना चिकटतात आणि मशिनला कमी दिसतात, म्हणून स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघायला हवी होती. पण नातेवाईक काउंटरवर आवाज चढवून उभे, डॉक्टरांची ओपीडी सातला बंद. रिपोर्ट दिला. सकाळी स्लाइड पाहिली तर गठ्ठेच गठ्ठे.

तिसरी. रात्री साडेनऊ. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम ६.८. सॅम्पल स्वच्छ, पुन्हा लावून पाहिलं तरी तेच. इतकं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. मॅडम गावाला, सही सकाळी होणार. सहीशिवाय डॉक्टरांना सांगायचा आपल्याला अधिकार आहे का, हे टेक्निशियनला माहीत नव्हतं. रिपोर्ट सकाळी गेला.

चौथी. आजोबा उपाशीपोटी शुगर तपासायला पहाटेच्या एसटीने आले. बोलता बोलता कळलं, स्टँडवर चहा-बिस्किट झालंय. परत पाठवायचं का? दिवस मोडेल त्यांचा. रक्त घेतलं, रिपोर्टवर 'फास्टिंग' छापलं गेलं.

या चारही नोंदींमध्ये कुणी आळशी किंवा नालायक नाही. प्रत्येकाने काहीतरी चांगलंच जपलंय: वेळ, पेशंटची सोय, नियम. फक्त कुठलं चांगलं आधी, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. वहीत अशा नोंदी निघाल्या की समजा, काम बरोबर चाललंय. सगळ्या नोंदी 'अमक्याने नियम पाळला नाही' अशा असतील, तर तुम्हाला ध्येयवाक्याची गरज नाही. शिस्तीचा प्रश्न आहे, तो वेगळा सोडवा.

कोणत्या दोन गोष्टी भिडतात?

आता वही घेऊन अर्धा तास एकट्याने बसा. प्रत्येक नोंदीसमोर समासात दोनच शब्द लिहा, कोण विरुद्ध कोण. पहिली: खात्री विरुद्ध वेळ. दुसरी: तेच. तिसरी: नियम विरुद्ध वेळ. चौथी: खात्री विरुद्ध पेशंटची सोय. पंचवीस नोंदींत एक-दोन जोड्या वारंवार येतात आणि बाकीच्या तुरळक असतात. सवलत किती द्यायची, दिवाळीत कुणाला सुटी, असल्या नोंदी बाजूला काढा. ध्येयवाक्याने सगळे वाद मिटवायचे नसतात, सर्वात जास्त वेळा येणारा आणि सर्वात महागात पडणारा एक वाद मिटवला तरी खूप झालं. लोभ धरला की वाक्यात पाच गोष्टी येतात आणि आपण पुन्हा फ्रेमपाशी.

इथं एक प्रश्न स्वतःला विचारायचा: या वादात चुकीचा निकाल लागला तर त्याची किंमत कोण मोजतं? लॅबमध्ये वाटतं पेशंट. ते खरंच आहे, पण पेशंटला रिपोर्टमधला आकडा बरोबर की चूक हे कळत नाही. कळतं ते डॉक्टरला, आणि तोच त्या आकड्यावर औषध लिहितो. आपलं काम बिनसलं हे सर्वात आधी ज्याच्या लक्षात येतं तो माणूस वाक्यात हवा. 'समाज', 'ग्राहक', 'सर्व घटक' असे शब्द आले की डोळ्यांसमोर कुणीच उभं राहत नाही.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केलं. उद्दिष्ट होतं, टाळता येण्याजोगं अंधत्व नाहीसं करणं. 'देशातलं सर्वोत्तम नेत्र रुग्णालय' असं ते नव्हतं. या एका फरकाने पुढचे निर्णय बदलले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून यायची आणि गरिबाला परवडायची नाही. सर्वोत्तम रुग्णालय व्हायचं असतं तर परवडणाऱ्यांना ती बसवून भागलं असतं. पण लेन्स महाग म्हणून कुणी आंधळं राहत असेल, तर ते टाळता येण्याजोगंच अंधत्व झालं. तेव्हा त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स स्वतः बनवायला घेतल्या. रुग्णालयाने कारखाना काढायचा की नाही, इतक्या आडवळणाच्या प्रश्नालाही ते वाक्य उत्तर देत होतं.

बैठक: दीड तास, आणि साहेब शेवटी

आता सगळी टीम बसवा. रक्त आणणारी मुलंसुद्धा, कारण सॅम्पल चांगलं येणार की बिघडलेलं, हे सुई टोचताना त्यांच्याच हातात असतं. दुपारी काम कमी असेल ती वेळ धरा. दीड तासाच्या वर नेऊ नका.

पहिली वीस मिनिटं वहीतल्या पाच-सहा नोंदी नावं न घेता मोठ्याने वाचा आणि प्रत्येक नोंदीवर विचारा, 'आज हेच झालं तर तुम्ही काय कराल?' उत्तर चिठ्ठीवर, न बोलता. मग चिठ्ठ्या उघडा. प्लेटलेटच्या नोंदीवर समजा पाच जण 'थांबवू' म्हणाले, चार 'देऊ' आणि एकाने 'मॅडमना विचारू' लिहिलं. बैठकीतला सर्वात मोलाचा क्षण हाच. इतकी वर्षं आपण एकत्र काम करतोय आणि इतक्या साध्या गोष्टीवर आपलं एकमत नाही, हे सगळ्यांना एकदम दिसतं. इथं भाषणाची गरज नसते, जरा शांतता राहू द्या.

नंतर प्रत्येकाला एक वाक्य लिहायला सांगा: 'तीन वर्षांनी दोन डॉक्टर आपापसात बोलतायत आणि आपल्या लॅबचा विषय निघाला. आपण तिथे नाही. त्यांनी काय म्हणावं?' बोलीत लिहायचं, डॉक्टर जसं बोलतील तसं. या एका अटीने 'उत्कृष्टता' आणि 'कटिबद्धता' गळून पडतात, कारण कुठलाही डॉक्टर चहा पिताना 'ती लॅब गुणवत्तेला कटिबद्ध आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'तिथला रिपोर्ट असेल तर मी परत करायला सांगत नाही.' हेच वाक्य चिठ्ठीवर येतं, थोड्याफार फरकाने तीन-चार जणांच्या.

वाचताना क्रम महत्त्वाचा. सर्वात नवा माणूस आधी, मालक सर्वात शेवटी. मॅडम आधी बोलल्या की उरलेल्या नऊ चिठ्ठ्या त्याच सुरात वाचल्या जातील, लिहिलेलं काहीही असो.

मात्र एक गोष्ट बैठकीत मतदानाला टाकू नका: कुठलं चांगलं मागे सरकणार. इथं माझं मत लोकशाहीवाद्यांना रुचत नाही, पण माझा नाइलाज आहे. रिपोर्ट थांबवला म्हणून चिडून गेलेल्या गिऱ्हाइकाचं नुकसान टेक्निशियन सोसत नाही, मालक सोसतो. ज्याच्या खिशाला चाट बसणार त्यानेच सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, 'खात्री आणि वेळ यात मी खात्री निवडते.' टीमने बहुमताने ठरवलेला आणि मालकाने मनातून न स्वीकारलेला क्रम पहिल्याच तोट्याच्या दिवशी मोडतो.

क्रम लिहून ठेवल्याने काय होतं हे १९८२ मध्ये अमेरिकेत दिसलं. शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात माणसं दगावली. उत्पादक जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. त्या कंपनीकडे १९४३ पासून एक लिखित 'क्रेडो' होता. त्यात जबाबदाऱ्यांचा क्रम दिलेला होता: आधी डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि औषध वापरणारे बाकीचे, मग कर्मचारी, मग समाज, आणि भागधारक शेवटी. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्याही कंपनीच्या पत्रकात सापडेल. एकापाठोपाठ एक असा क्रम क्वचित सापडतो. अर्थात कागद कायमचा तारत नाही. याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरवरून हजारो दावे दाखल झाले. क्रम लिहिलेला असतो तेव्हाही तो प्रत्येक वेळी कुणीतरी नव्याने पाळावा लागतो.

वाक्य घडवणं

चिठ्ठ्या घेऊन दोन-तीन जण बसा, दहा नको. दहा जणांनी लिहिलेल्या वाक्यात प्रत्येकाचा एक शब्द येतो आणि मग कुणाचंच मन मोडवत नाही. माझा साचा साधा आहे. दोन छोटी वाक्यं, मिळून वीस शब्दांच्या आत. पहिल्यात, आपल्याला कुठं पोचायचंय ते कुणा माणसाच्या वागण्यातून दिसावं. दुसऱ्यात, भिडणाऱ्या दोन गोष्टींपैकी कुठली थांबेल ते यावं. दुसऱ्या वाक्याशिवाय पहिलं नुसतं सुंदर राहतं.

लॅबचा पहिला खर्डा बहुधा असा येईल: 'अचूक आणि वेळेवर रिपोर्ट देणारी तालुक्यातली सर्वात विश्वासार्ह लॅब.' याला उलटून पाहा. 'चुकीचे आणि उशिरा रिपोर्ट देणारी लॅब' व्हावं असं कुणा शहाण्याला वाटेल का? नाही. मग या वाक्याने काहीच निवडलेलं नाही. शिवाय 'अचूक आणि वेळेवर' यातला 'आणि' हाच तर वहीतला वाद आहे. तो मिटवायचा होता, आपण त्याला फ्रेम केली.

दुसरा खर्डा: 'आमच्या रिपोर्टची खात्री दुसरीकडून करून घ्यायची वेळ डॉक्टरांवर येऊ नये. उशीर चालेल, शंका चालणार नाही.' आता दम आला. उलटं वाक्य, 'थोडी शंका चालेल, उशीर चालणार नाही', हेही एखाद्या शहाण्या टीमचं असू शकतं. घरपोच जेवण देणाऱ्यांचं कदाचित असेलच. म्हणजे आपण खरोखर निवड केली आहे. तालही चांगला आहे. बऱ्याच टीम इथं थांबतात आणि छापायला देतात. थांबू नका, वहीवर घासून पाहा.

वहीवर घासणं

प्रत्येक जुनी नोंद घ्या आणि विचारा: हे वाक्य माहीत असतं तर त्या दिवशी काय घडलं असतं? दोघांनी वेगवेगळं बसून उत्तरं लिहायची आणि मग ताडून पाहायची. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर वाक्य ढिलं आहे.

हिमोलाइज सॅम्पल: थांबवा, पुन्हा आणा. जुळलं. प्लेटलेट: स्लाइड पाहिल्याशिवाय नाही. जुळलं. तिसऱ्या नोंदीवर मात्र वाक्य उघडं पडतं. पोटॅशियम ६.८, रात्रीची वेळ, आणि भिंतीवर लिहिलंय 'उशीर चालेल'. टेक्निशियन निवांत सकाळची वाट पाहील आणि वाक्याप्रमाणे तो बरोबरच असेल. पेशंट मात्र रात्रीतून जाऊ शकतो. म्हणजे हे वाक्य नुसतं अपुरं नाही, धोकादायक आहे. बैठकीत कितीही डोकं लढवलं असतं तरी हे दिसलं नसतं, वहीने दाखवलं.

मग नीट पाहिलं तर कळतं की थांबायला हवं ते छापील रिपोर्टने. माहितीने थांबायचं कारण नाही. डॉक्टरला 'आकडा असा येतोय, आम्ही खात्री करतोय' एवढं कळलं तरी तो पुढचं ठरवू शकतो. यातून तिसरा खर्डा:

'आमच्या रिपोर्टची खात्री दुसरीकडून करून घ्यायची वेळ डॉक्टरांवर येऊ नये. शंका असेल तर रिपोर्ट थांबेल, फोन थांबणार नाही.'

पुन्हा घासा. प्लेटलेट: डॉक्टरांना सात वाजायच्या आत फोन, 'मशिनवर ४२ हजार दिसतायत, काल १ लाख १० हजार होत्या, स्लाइड बघतोय, अर्ध्या तासात सांगतो.' ओपीडी बंद झाली तरी डॉक्टर मोबाइलवर आहेतच. रात्रीचं पोटॅशियम: सही सकाळी, फोन आत्ता. आणि चहा-बिस्किटवाले आजोबा? इथं वाक्य चक्क नवा मार्ग सुचवतं. 'फास्टिंग' छापायचं नाही, पण आजोबांना परतही पाठवायचं नाही. डॉक्टरांना फोन करून विचारायचं की एचबीएवनसी ही सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट चालेल का, तिला उपाशी राहावं लागत नाही. पूर्वी दोनच मार्ग दिसत होते, आता तिसरा दिसला.

सगळ्या नोंदी सुटायला हव्यात असा हट्ट नको. वारंवार येणाऱ्या वादाच्या दहातल्या सात-आठ नोंदी निर्विवाद सुटल्या आणि एकही नोंद धोक्याच्या दिशेला गेली नाही, की वाक्य घ्यावं. धोक्याची एक जरी निघाली तरी परत लिहावं, बाकी कितीही जुळो.

आठवतं का, ते छापण्याआधी पाहा

वाक्य टीमला एकदा सांगा, वहीतल्या दोन नोंदींसकट. पोस्टर नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं नाही. मग आठवडाभराने, न सांगता, सगळ्यांना एकेक कोरी चिठ्ठी द्या: 'आपलं वाक्य लिहा. आणि गेल्या आठवड्यात ते कुठं उपयोगी पडलं, एक प्रसंग.'

शब्दाला शब्द जुळायची अपेक्षा ठेवू नका. लॅबमध्ये बहुधा असं होईल: 'रिपोर्ट थांबेल, फोन थांबणार नाही' हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, पहिलं वाक्य मात्र कुणी 'डॉक्टरांना परत टेस्ट करायला लागू नये' असं लिहिलं तर कुणी सोडूनच दिलं. मग टीमचेच शब्द उचला. 'डॉक्टरांना टेस्ट परत करायला लागू नये' हे आमच्या देखण्या खर्ड्यापेक्षा छोटं आहे आणि लोकांच्या तोंडात बसलंय. लिहिणाऱ्याने इथं मन मोठं करावं. लोकांनी परत परत गाळलेला शब्द वाक्यात ठेवण्यात अर्थ नाही. फक्त अर्थ सरकत नाही ना ते पाहा: डॉक्टरने उपचार कसा चाललाय हे पाहायला आठ दिवसांनी तीच टेस्ट पुन्हा केली तर ती आपली चूक नव्हे. म्हणून 'शंकेपोटी' हा एक शब्द घालावा लागेल: 'शंकेपोटी डॉक्टरांना टेस्ट परत करायला लागू नये.'

चिठ्ठीवरचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. वाक्य तोंडपाठ आणि प्रसंग एकही नाही, असे लोक टीमच्या कुठल्या भागात आहेत ते बघा. बिलिंगच्या माणसाला बहुधा प्रसंग आठवणार नाही, कारण त्याचे निर्णय वेगळे असतात, ते चालतं. पण रक्त आणणाऱ्या मुलांना एकही आठवला नाही तर वाक्य लॅबच्या आतच फिरतंय.

मग भिंत सोडून कामात घाला

निर्णय जिथं होतो तिथं वाक्य पोचायला हवं. लॅबमध्ये ती जागा म्हणजे सॅम्पल स्वीकारायचं टेबल, मशिनचा स्क्रीन आणि फोन. तिथं तीन बदल करावे लागतील आणि ते न करता वाक्य छापलं तर लोक आठवडाभरात हसायला लागतील.

पहिला, अधिकार. 'फोन थांबणार नाही' म्हणायचं तर सहीआधी तोंडी आकडा कुणी, कुठल्या टेस्टचा, कितीच्या वर किंवा खाली सांगायचा, याची यादी मॅडमनी लिहून, सही करून टेबलाशी लावायला हवी. फोनवर आकडा सांगितल्यावर समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा आणि नाव-वेळ रजिस्टरला लिहायची. ध्येयवाक्य अशा कार्यपद्धतीची जागा घेत नाही. यादीत नसलेला प्रसंग येतो तेव्हा ते कामाला येतं.

दुसरा, पैसा. पुन्हा रक्त आणायचं पेट्रोल, नवी ट्यूब आणि मुलाचा वेळ लॅबच्या खात्यावर, पेशंटकडून दुसऱ्यांदा एक रुपया नाही, हे जाहीर हवं. नाहीतर सॅम्पल नाकारणारा टेक्निशियन मुलांचा शत्रू होतो.

तिसरा बदल लोक हमखास विसरतात: जुनी मापं. काउंटरवर 'चार तासांत रिपोर्ट, नक्की!' अशी पाटी आहे आणि महिनाअखेर टेक्निशियनचं कौतुक सरासरी किती वेळात रिपोर्ट गेला यावरून होतं. असं असेल तर खरं ध्येयवाक्य तेच आहे, तुमचं नाही. शंकेने थांबवलेले रिपोर्ट या हिशेबातून वेगळे काढा आणि त्यांची वेगळी संख्या ठेवा. पाटीवर 'शंका असल्यास आम्ही फोन करू' एवढी ओळ जोडा.

रोजच्या वापरासाठी सकाळी काम सुरू होताना पाच मिनिटं पुरतात. 'काल कुठला रिपोर्ट थांबवला? फोन कुणाला केला?' वाक्य म्हणून दाखवायचं नाही, प्रार्थनेसारखं तर मुळीच नाही. प्रसंग बोलले की वाक्य आपोआप येतं. नव्या माणसालाही पहिल्या दिवशी वाक्य न देता वहीतल्या तीन नोंदी द्या, 'तू काय करशील' विचारा, आणि मग वाक्य सांगा.

खरी परीक्षा पहिल्या महागड्या प्रसंगी होते. रोज वीस पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांचा माणूस काउंटरवर ओरडतोय, टेक्निशियनने रिपोर्ट थांबवलाय, आणि मॅडम आतून बाहेर येतात. त्या 'देऊन टाक रे' म्हणाल्या, तर दीड तासाची बैठक आणि दोन आठवड्यांची वही त्या तीन शब्दांत संपली. त्या म्हणाल्या, 'बसा, डॉक्टरांशी मी बोलते', तर पुढची दोन वर्षं पोस्टर लागणार नाही. सगळी टीम त्या वेळी काम करत असल्याचं दाखवत कान देऊन ऐकत असते.

बिघडतं कुठं

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. तीन लक्षणं बघा. थांबवलेल्या रिपोर्टांची संख्या शून्यावर आली असेल तर सॅम्पल अचानक सुधारले असं समजू नका, बहुधा लोकांनी थांबवणं सोडलंय. उलट ती वाढतच चालली आणि त्यातले बहुतेक रिपोर्ट दुसऱ्या तपासणीत बरोबरच निघत असतील, तर वाक्य ढाल झालंय: अंगावर नको म्हणून काहीही थांबवायचं. तेव्हा वाक्याला हात न लावता 'शंका' कशाला म्हणायचं त्याची उदाहरणं वाढवा, गुलाबी सीरम, कालच्या आकड्याशी मोठा फरक, ट्यूबमध्ये गाठ. तिसरं लक्षण म्हणजे वाक्य दुसऱ्याला हाणायला वापरलं जाणं: 'फोन थांबणार नाही म्हणता ना, मग कर की तू रात्रभर फोन.' असं ऐकू आलं तर माणसं कमी आहेत किंवा कामाची वाटणी चुकली आहे. वाक्यावर कितीही काम केलं तरी ते दुरुस्त होणार नाही.

मोठ्या कंपनीतल्या छोट्या टीमला एक अडचण जास्त असते. वरून आलेलं वाक्य आधीच असतं आणि ते खोडता येत नाही. खोडू नका. त्याच्या खाली आपल्या टीमपुरतं दुसरं वाक्य, कुठली गोष्ट थांबेल ते सांगणारं, जोडा आणि तुमच्या वरिष्ठाला वहीतल्या दोन नोंदींसकट दाखवा. त्याने क्रमाला संमती दिली तर ठीक. नाही दिली तर तो क्रम त्यालाच सांगायला लावा, आणि तोच लिहा. तुम्हाला तो पटो न पटो, टीमला निदान एकच उत्तर मिळेल.

वाक्य बदलायचं कधी? वर्ष झालं म्हणून नाही. कामाचं स्वरूप बदललं, लॅबने उद्या रुग्णालयाच्या आयसीयूचं काम घेतलं, आणि वहीत नव्या जोडीचे वाद जुन्यापेक्षा जास्त यायला लागले, की बदलायचं. तेव्हा पुन्हा नवी वही, दोन आठवडे.